आजार परीक्षेआधीचा, चिठ्ठी परीक्षेनंतरची

अमेरिकेतल्या विद्यापीठातून काढून टाकल्याचा मेल माझ्या पुतण्याला जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी आला. तेव्हा तो सुट्टीसाठी सोलापुरात घरीच होता. मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला जीपीए २.९ आला म्हणून त्याला प्रोबेशनवर, म्हणजे गुण सुधारण्याच्या अटीवर, ठेवलं होतं. दुसऱ्या सेमिस्टरला तो १.४३ आला आणि विद्यापीठाने नाव कमी केलं. मेलच्या तळाशी एकच ओळ कामाची होती: दहा कामकाजाच्या दिवसांत, सेंट्रल टाइमप्रमाणे संध्याकाळी पाचपर्यंत अपील करता येईल. मुदत विद्यापीठागणिक वेगळी असते, कुठे पाच दिवस, कुठे महिना. आमच्या हिशेबाने ती दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी संपत होती, म्हणजे सोलापुरात शनिवारी पहाटे साडेचार. मधे भोगी, संक्रांत आणि किंक्रांत. सिद्धेश्वर यात्रेच्या त्या दिवसांत आमच्या गावात दवाखानेही धड उघडे नसतात. त्यामुळे दहा दिवस दिसत असले तरी डॉक्टरांकडून कागद मिळवायला हातात सहाच होते.

पहिल्याच दिवशी करायचं काम म्हणजे विद्यापीठाच्या खात्यातून सगळं उतरवून घेणं. नाव कमी झालं की काही दिवसांत लॉगिन बंद होऊ शकतं, आणि पुरावा नेमका तिथेच असतो. आम्ही ट्रान्सक्रिप्ट, प्रोबेशनचं पत्र, प्राध्यापकांशी झालेले मेल, कॅनव्हास या अभ्यासाच्या पोर्टलवर कुठली असाइनमेंट कधी जमा केली त्याच्या नोंदी आणि हेल्थ सेंटरच्या पोर्टलवरचे भेटींचे सारांश पीडीएफ करून ठेवले. इथे एक अडचण हमखास येते. लॉगिनचा दुसरा कोड अमेरिकेतल्या नंबरवर मेसेजने येत असेल, तर रोमिंग बंद असलेल्या सिमवर तो इथे मिळत नाही. पुतण्याच्या फोनमध्ये ड्युओ अ‍ॅप होतं आणि ते वायफायवर चालतं, म्हणून निभावलं. मुलगा सुट्टीला निघण्याआधीच हे अ‍ॅप चालू करून घेतलेलं बरं.

त्याच रात्री त्याने स्वतःच्या विद्यापीठाच्या मेलवरून आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात व्हिसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, म्हणजे डीएसओंना, लिहिलं. सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतली आपली नोंद कधी बंद होणार आणि अपीलचा निकाल लागेपर्यंत ती थांबवता येते का, एवढेच दोन प्रश्न. हे महत्त्वाचं आहे, कारण अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तिथे राहायला मिळणारे साठ दिवस डिसमिसल झालेल्याला मिळत नाहीत. तो तिकडे असता तर त्याच आठवड्यात सामान आवरायची वेळ आली असती. घरच्यांनी मेल करून उपयोग नसतो. फेर्पा या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा आई-वडिलांशीसुद्धा बोलत नाही. अपील त्याचं त्यानेच करायचं. आपण टेबलाच्या या बाजूला बसून कागद लावून द्यायचे.

आता आजाराचं. सप्टेंबरपासून त्याची झोप गेली होती, जेवण तुटलं होतं, नोव्हेंबरात तो खोलीबाहेरही फारसा पडत नव्हता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घरी आला तेव्हा वहिनींनी त्याला पाहिलं आणि चार दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. निदान झालं तीव्र नैराश्याचं, तारीख २४ डिसेंबर. त्याच्या परीक्षा संपल्या १३ डिसेंबरला.

डॉक्टरांनी पहिल्यांदा दिलेला दाखला आपल्याकडे नेहमी देतात तसा होता. हा रुग्ण २४ डिसेंबरपासून माझ्याकडे उपचार घेत आहे, त्याला विश्रांतीचा सल्ला दिला आहे, खाली सही-शिक्का. कॉलेजला हजेरीसाठी द्यायला हा कागद पुरतो. अपील समितीपुढे मात्र तो उलटा पडतो, कारण त्यावरून एवढंच सिद्ध होतं की आजार परीक्षेनंतर अकरा दिवसांनी सुरू झाला. नापास होण्याचा आणि त्याचा संबंध कागदावर कुठेच नाही. आपल्याकडून गेलेली बरीच वैद्यकीय कागदपत्रं इथेच कमी पडतात. आजार खरा असतो, त्याची तारीख चुकीच्या जागी पडलेली असते.

दुसरी अडचण घरातूनच आली. दादा डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, आजाराचं नाव नका लिहू. टायफॉइड लिहा. उद्या त्याचं लग्न जमवायचंय." डॉक्टरांनी शांतपणे नकार दिला. खोटा दाखला त्यांच्या नोंदणीवर येतो हे तर आहेच, पण विद्यापीठं दाखल्यावरच्या नंबरला फोन करून खात्री करू शकतात. खोटं सापडलं की नापास होण्याचं प्रकरण फसवणुकीचं होतं. शिवाय टायफॉइड तीन-चार आठवड्यांत उतरतो. त्याने चार महिन्यांची घसरण समजावता आली नसती. दादांची भीती मला कळत होती. त्यांना एवढंच सांगितलं की फाइल समितीच्या मोजक्या माणसांपुढे जाते, आजाराचा उल्लेख ट्रान्सक्रिप्टवर येत नाही.

मग तारीख मागे कशी न्यायची? डॉक्टर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं, "मी त्याला सप्टेंबरात पाहिलेलं नाही, तसं मी लिहिणार नाही." त्यावर मार्ग असा निघाला की त्यांनी आपली तपासणी आणि त्यांना दाखवलेल्या जुन्या नोंदी यांची सांगड घालायची. त्या नोंदी पोर्टलवर होत्या. ऑक्टोबरात तो कॅम्पसवरच्या समुपदेशन केंद्रात एकदा गेला होता. तिथे भरून घेतलेल्या, नैराश्य किती आहे ते मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत त्याचे गुण १९ होते. ही प्रश्नावली २७ पैकी असते, १५ ते १९ म्हणजे मध्यम-तीव्र आणि २० पासून पुढे तीव्र. दुसऱ्या भेटीला तो गेलाच नाही. नोव्हेंबरात झोप लागत नाही म्हणून हेल्थ सेंटरला गेला, तेव्हा नर्सने रीतीप्रमाणे वजन केलं होतं: १३४ पौंड. त्याच वर्षीच्या जानेवारीत लसीकरणाच्या वेळी तेच १५० होतं. म्हणजे ६८ किलोचा मुलगा ६१ वर आला होता. त्या कागदावर डॉक्टरांनी झोपेबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, पण वजनाचा हा आकडा आमच्या फाइलमधला सगळ्यांत बोलका पुरावा ठरला. कुणालाही शंका येण्याआधी, कुठलाही हेतू नसताना तो लिहिला गेला होता.

कॅम्पसच्या केंद्राकडून कागद मागवायला रिलीज ऑफ इन्फर्मेशनचा फॉर्म सही करून पाठवावा लागतो आणि उत्तराला आठवडा सहज जातो, म्हणून तो पहिल्याच सोमवारी पाठवला. मागताना समुपदेशकाची संपूर्ण टिपणं मागू नयेत. भेटीची तारीख, प्रश्नावलीचे गुण आणि दिलेला सल्ला एवढं सांगणारं एका पानाचं पत्र पुरतं. मुलाने तिथे मोकळेपणाने बोललेलं सगळं समितीपुढे ठेवायची गरज नसते.

डॉक्टरांचं दुसरं पत्र यात्रेच्या आधीच्या शनिवारी मिळालं. एकच पान, इंग्रजीत, लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि फोनसह. त्यात हे होतं: निदान आणि पहिल्या तपासणीची तारीख. रुग्ण आणि त्याच्या आईने सांगितलेल्या इतिहासावरून, तसंच दाखवलेल्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या नोंदींवरून लक्षणं सप्टेंबरच्या सुरुवातीपासूनची असणं सुसंगत वाटतं, हे वाक्य. त्या लक्षणांनी एकाग्रता, झोप आणि वेळेत काम पूर्ण करण्याची क्षमता कशी कमी होते. मदत घ्यायला उशीर होणं हाही या आजाराचाच भाग कसा असतो. चालू औषधं, थायरॉइड आणि बी-१२ तपासल्याचा उल्लेख, आणि शेवटी पुढचा अंदाज.

या शेवटच्या मुद्द्यावर आमचा सगळा अर्ज बदलला. आम्ही गृहीत धरलं होतं की जानेवारीतच परत घ्या असं मागायचं. डॉक्टर म्हणाले, औषधाचा पुरेसा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, डोस बदलावा लागला तर आणखी. तो आत्ता शिकायला तंदुरुस्त आहे असं मी लिहू शकत नाही, जूनमध्ये पुन्हा तपासून सांगेन. सेमिस्टर तर आठवड्याभरात सुरू होत होतं. आजार इतका तीव्र होता की नापास झालो, पण तीन आठवड्यांत बरा झालोय, परत घ्या, असं म्हटलं की दोन्ही वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात. म्हणून मागणी अशी ठरली: डिसमिसल रद्द करा, गेलं सेमिस्टर वैद्यकीय कारणाने मागील तारखेने मागे घेऊ द्या, येत्या सेमिस्टरला रजा द्या, ऑगस्टमध्ये परत येतो.

सेमिस्टर मागे घेण्याचा हट्ट का, ते आकडेमोड केल्यावर कळतं. पत्राची पहिली ओळ लिहिण्याआधी ही आकडेमोड करायलाच हवी. पदवी ३० क्रेडिटची, प्रत्येक विषय ३ क्रेडिटचा, पदवीसाठी जीपीए किमान ३.०. पहिल्या सेमिस्टरला बी, बी आणि बी मायनस, म्हणजे ३.०, ३.० आणि २.७. बेरीज ८.७, तिला तिनाने गुणलं की २६.१ गुण, ९ क्रेडिटवर. दुसऱ्याला सी प्लस, सी आणि एफ, म्हणजे २.३, २.० आणि शून्य, गुण १२.९. एकूण ३९ गुण, १८ क्रेडिट, जीपीए २.१७.

एफचे क्रेडिट मिळत नाहीत, पण सरासरीत मोजले जातात. तसंच सोडलं तर त्याला आणखी १५ क्रेडिट करावे लागतील, सरासरी ३३ क्रेडिटवर निघेल आणि लागतील ९९ गुण. हातात ३९ आहेत. उरलेले ६० गुण १५ क्रेडिटमध्ये म्हणजे नेमका ४.०, पाचही विषयांत पूर्ण ए. असा प्लॅन समितीला दाखवणं म्हणजे स्वतःच नकार मागणं. नापास विषय पुन्हा करून नवा ग्रेड जुन्याच्या जागी बसतो असा नियम असेल तर ५१ गुण १५ क्रेडिटमध्ये हवेत, म्हणजे ३.४. कठीण, पण अशक्य नाही. गेलं सेमिस्टर पूर्ण मागे घेतलं गेलं तर हातात २६.१ गुण राहतात, ६३.९ गुण २१ क्रेडिटमध्ये हवेत, सरासरी ३.०४. म्हणजे सात विषयांत सहा बी आणि एक बी प्लस. तब्येत सांभाळून शिकणाऱ्या मुलाला हे जमण्यासारखं आहे, आणि समितीलाही ते दिसतं. आम्ही हे तीन हिशेब छोट्या तक्त्यात मांडून प्लॅनच्या वर लावले.

दोन गोष्टी इथे सांभाळायच्या. सेमिस्टर मागील तारखेने मागे घेणं हा अपीलपेक्षा वेगळा अर्ज असतो आणि बहुधा वेगळ्या कार्यालयाकडे जातो, म्हणून दोन्ही एकाच दिवशी दिले आणि एकमेकांत उल्लेख केला. फक्त नापास विषय मागे घ्यायला मागितला तर संशय येतो. आजारी माणूस एकाच विषयात आजारी नसतो. आणि हा अर्ज देण्याआधी डीएसओंना विचारलं. सेमिस्टर चालू असताना कमी विषय घ्यायचे असतील तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला त्यांची परवानगी आधी लागते, नंतर नाही. ट्रान्सक्रिप्टवर नंतर डब्ल्यू, म्हणजे विषय मागे घेतल्याच्या खुणा, दिसू लागले की व्हिसाच्या नोंदीत प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून त्यांचं उत्तर मेलवर लेखी घेतलं.

पत्र पुतण्याने स्वतः लिहिलं, दीड पान. पहिल्या मसुद्यात वडिलांचं कर्ज, आईचे दागिने आणि "मला एक संधी द्या" असं तीनदा होतं. ते सगळं काढलं. समिती कर्जावर निर्णय देत नाही. तिला तीनच गोष्टी हव्या असतात: काय झालं, तेव्हाच का सांगितलं नाही, आणि पुन्हा होणार नाही हे कशावरून. मधला प्रश्न सगळे टाळतात आणि समिती तोच विचारते. त्याच्या मसुद्यात "मला मदतीबद्दल माहिती नव्हती" असं वाक्य होतं. ऑक्टोबरची भेट पुराव्यात लावल्यावर ते खोटं ठरत होतं. त्याने नंतर लिहिलं ते असं: मी ऑक्टोबरात एकदा समुपदेशकांकडे गेलो, दुसऱ्या भेटीला गेलो नाही, कारण तेव्हा मला वाटत होतं की हा आळस आहे आणि जास्त वेळ बसलो की भरून निघेल. मला आजार आहे हे २४ डिसेंबरला कळलं. मला तरी साऱ्या फाइलमध्ये हेच वाक्य सर्वांत वजनदार वाटलं. प्राध्यापकांबद्दल तक्रारीचा एकही शब्द ठेवला नाही. ग्रेड चुकीचा दिला असं म्हणायचं असेल तर त्याची वाट वेगळी असते.

प्लॅन एका पानाचा, पण त्यातलं प्रत्येक वाक्य तपासता येईल असं. "मी नियमित अभ्यास करीन" असं लिहून काही होत नाही. ऑगस्टमध्ये ९ क्रेडिट, कोणते तीन विषय ते नावानिशी, पैकी एक तो नापास झालेला. पुढे जानेवारीत ९ आणि शेवटच्या सत्रात ३. शेवटच्या सत्रात कमी क्रेडिट चालतात, पण त्यालाही डीएसओंची मंजुरी आधी घ्यायची. कॅम्पसवरची नोकरी पहिल्या सेमिस्टरला बंद. आजारी आणि अपंग विद्यार्थ्यांना सवलती देणाऱ्या अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑफिसमध्ये नोंदणी. दर पंधरा दिवसांनी सल्लागार प्राध्यापकांची भेट, आणि त्यांना समुपदेशन केंद्राशी बोलता यावं म्हणून मुलाची लेखी संमती.

उपचारांबद्दल आम्ही आधी लिहिलं होतं की सोलापूरचे डॉक्टर व्हिडिओवर पाहत राहतील. ते काढावं लागलं. रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तिथला परवाना डॉक्टरांकडे लागतो, आणि समितीतल्या जाणत्या माणसाला हा कच्चा दुवा लगेच दिसतो. त्याऐवजी कॅम्पसच्या केंद्रात पहिली भेट, विद्यापीठाच्या विम्यात तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांचा खर्च बसतो याची खात्री आणि इथल्या डॉक्टरांकडून तिकडच्यांना उपचारांचा सारांश, असं लिहिलं. शेवटचा परिच्छेद सर्वांत उपयोगी ठरला: लागोपाठ दोन असाइनमेंट चुकल्या किंवा पीएचक्यू-९ चे गुण १५ वर गेले, तर त्याच आठवड्यात डीएसओ आणि सल्लागारांना सांगेन आणि विषय सोडण्याच्या मुदतीच्या आत वैद्यकीय कारणाने कमी क्रेडिटची परवानगी मागेन. ती परवानगी एका स्तराच्या शिक्षणात एकूण बारा महिन्यांपर्यंतच मिळते आणि तिला परवानाधारक डॉक्टर किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाचं पत्र लागतं.

फाइल गुरुवारी दुपारी पोर्टलवर चढवली, मुदतीच्या दीड दिवस आधी. अर्ज, कालक्रमाचं एक पान, डॉक्टरांचं पत्र, कॅम्पसच्या दोन नोंदी, प्लॅन, असा क्रम. कालक्रमात डावीकडे तब्येतीच्या तारखा आणि उजवीकडे त्याच आठवड्यांतल्या चुकलेल्या असाइनमेंट, समोरासमोर. दोन्ही रकान्यांत घसरण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होते, हे वाचणाऱ्याला सांगावं लागलं नाही. पोचपावतीचा मेल आला नाही, म्हणून शुक्रवारी तिकडचं ऑफिस उघडल्यावर त्याने फोन करून विचारलं. फाइल पोचली होती, पण एक पीडीएफ उघडत नव्हती. ती पुन्हा पाठवली. शेवटच्या तासाला सादर केलं असतं तर तेवढा वेळ मिळाला नसता.

निकाल फेब्रुवारीच्या मध्यात आला. डिसमिसल रद्द, सेमिस्टर मागे घ्यायला मंजुरी, ऑगस्टपर्यंत रजा. अटी अशा: १ जुलैपर्यंत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र, प्रत्येक सेमिस्टरला किमान ३.०, आणि पुन्हा नाव कमी झालं तर दुसरं अपील नाही. फी परत मिळाली नाही, तो निर्णय वेगळ्या नियमाने होतो.

रजेची किंमत व्हिसात मोजावी लागते. पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यावर जुनी सेव्हिस नोंद चालत नाही. आय-२० हे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र नवं, सेव्हिसची ३५० डॉलर फी पुन्हा, आणि मुंबईत पुन्हा मुलाखत. नोकरीच्या प्रशिक्षणासाठी लागणारं एक शैक्षणिक वर्षही नव्याने मोजलं जाऊ शकतं, म्हणून तेही डीएसओंकडून आधीच विचारून घेतलं. मुलाखतीला समितीचं पत्र आणि नवा आय-२० घेऊन तो गेला. मधल्या महिन्यांत कुठे होतास, या प्रश्नाला वैद्यकीय रजेवर होतो, विद्यापीठाने मंजूर केली, हे कागद, एवढंच उत्तर दिलं.

जूनच्या शेवटी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पीएचक्यू-९ चे गुण ६ होते आणि वजन ६७ किलो. तंदुरुस्तीच्या पत्रात त्यांनी औषध चालू राहील आणि ते स्वतःहून बंद करायचं नाही, हेही लिहिलं. जाताना नव्वद दिवसांची औषधं मूळ पाकिटांत, कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी सोबत. कॅम्पसवरची पहिली भेट त्याने सोलापुरातूनच ठरवली होती, वर्ग सुरू होण्याच्या चार दिवस आधीची.